‘शॉर्ट’ या एका शब्दावर अडलेला लॅपटॉपचा दावा

*मी ऐरोलीला राहते, घरून हिशेबाची आणि जीएसटीची कामं करते. १० जूनच्या रात्री पाऊस चालू असताना घरातले दिवे एकदम भगभगीत झाले, पंखा गरगर फिरायला लागला आणि मिनिटाभरात सगळंच गेलं. लॅपटॉप चार्जिंगला होता, तो तेव्हापासून चालू होत नाही. चार्जरला जळका वास येतो. वॉरंटी संपलेली आहे. दुकानदाराने ‘मदरबोर्ड शॉर्ट’ एवढंच लिहून दिलंय. विमा कंपनीला फोन केला तर म्हणाले, शॉर्ट सर्किट बसत नाही, तरी लेखी द्यायचं तर द्या. घराच्या पॅकेज पॉलिसीत लॅपटॉप सिरियल नंबरसकट ६०,००० रुपयांना नोंदलेला आहे. पत्र कसं लिहू, आणि दुकानदाराकडून काय लिहून घेऊ?*
*— एक वाचक, ऐरोली*

फोनवरच्या माणसाने तुम्हाला बहुधा पॉलिसीतलंच वाक्य सांगितलं, पण दुसऱ्या विभागातलं. पॅकेज पॉलिसी म्हणजे एका कागदात बांधलेले चार-पाच विमे. त्यातला पहिला आगीचा: आग, वीज कोसळणं, पूर, वादळ, भूकंप वगैरे. या विभागात जवळपास सगळीकडे एक अपवाद असतो. विजेच्या उपकरणाचं स्वतःचं नुकसान जादा भार, जादा व्होल्टेज, शॉर्ट सर्किट, ठिणगी, आपोआप तापणं किंवा विजेची गळती यांमुळे झालं, तर ते उपकरण भरून मिळत नाही. टीव्ही शॉर्ट होऊन आग लागली आणि पडदे जळले, तर पडद्यांचे पैसे मिळतात, टीव्हीचे नाहीत. भारत गृह रक्षा ही २०२१ पासूनची प्रमाणित गृहविमा पॉलिसी आहे, तिच्यातही हा अपवाद आहे आणि नुकसान आकाशातल्या विजेमुळे झालं तरी तो लागू होतो. ज्यांच्याकडे नुसती तेवढीच पॉलिसी आहे, त्यांचा असा लॅपटॉपचा दावा उभा राहत नाही.

तुमचं तसं दिसत नाही. सिरियल नंबर आणि स्वतंत्र रक्कम घालून लॅपटॉप नोंदलेला आहे, म्हणजे तो बहुतेक ‘इलेक्ट्रॉनिक उपकरणे’ किंवा ‘उपकरणांतील बिघाड’ अशा वेगळ्या विभागात असणार. पॉलिसीचं परिशिष्ट, म्हणजे रकमांचा तक्ता असलेलं पान, काढा आणि लॅपटॉपच्या ओळीसमोर विभागाचा क्रमांक कोणता आहे ते बघा. मग शर्तींच्या पुस्तिकेत त्याच क्रमांकाचा विभाग वाचा. इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या विभागाची भाषा सहसा उलट्या बाजूने लिहिलेली असते: अचानक आणि अनपेक्षितपणे झालेलं कोणतंही प्रत्यक्ष नुकसान भरून मिळेल, खाली वगळलेली कारणं सोडून. अशा भाषेत तुमचं काम सोपं होतं. नुकसान अचानक झालं एवढं तुम्ही दाखवायचं. ते वगळलेल्या यादीत बसतं असं म्हणायचं असेल तर तसं कंपनीने दाखवायचं.

आता त्या वगळलेल्या यादीतल्या दोन गोष्टी तुमच्या शब्दांवर टपून बसलेल्या असतात. एक म्हणजे झीज, जुनेपणा, हळूहळू होणारा ऱ्हास. दुसरी म्हणजे वीजपुरवठा बंद पडणं किंवा खंडित होणं. ‘लाइट गेली आणि लॅपटॉप बंद पडला’ असं आपण सहज लिहून जातो, आणि ते वाक्य थेट त्या दुसऱ्या कलमात जाऊन बसतं. तुमच्या घरी झालं ते याच्या उलट आहे: आधी व्होल्टेज वाढलं, लॅपटॉप तेव्हाच गेला, आणि पुरवठा नंतर बंद झाला. हा क्रम खरा आहे, म्हणून तो पत्रात याच क्रमाने आला पाहिजे.

‘शॉर्ट’चं दुखणं वेगळं. दुरुस्तीच्या टेबलावर ‘बोर्ड शॉर्ट आहे’ याचा अर्थ एवढाच की मीटर लावल्यावर पुरवठ्याची लाइन आणि ग्राउंड यांच्यात जवळजवळ शून्य ओहम येतात, म्हणजे एखादा घटक आतून जळून आरपार झालाय. तो मेलेल्या बोर्डाची आजची अवस्था सांगतो. विम्याच्या कागदावर मात्र ‘शॉर्ट सर्किट’ म्हणजे नुकसानाचं कारण. दुकानदाराने परिणाम लिहिला आणि कंपनीने तो कारण म्हणून वाचला. त्यामुळे चिठ्ठीत खोटं काहीच नसलं तरी ती पुरत नाही. दुकानदाराला शब्द बदलून द्यायला सांगू नका. ‘शॉर्ट’ म्हणजे बोर्डाची आजची अवस्था, एवढा खुलासा त्याच्याकडून लिहून घ्या, आणि मोजमापं तंत्रज्ञाकडून, कारण पुढचा सगळा दावा मोजमापांवर उभा राहणार आहे.

व्होल्टेज वाढतं म्हणजे काय होतं

दिवे भगभगीत होणं आणि पंख्याचा वेग वाढणं ही न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची तार, तुटल्याची किंवा सैल झाल्याची ओळखीची खूण आहे. इमारतीत तीन फेज येतात आणि घरं त्यांवर वाटलेली असतात. प्रत्येक फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्ट, पण दोन फेजमध्ये सुमारे ४०० व्होल्ट असतात. खांबावर, फीडर पिलरमध्ये किंवा मीटरच्या खोलीत न्यूट्रलचा सांधा सुटला की तीन फेजमधला समतोल जातो. ज्या फेजवर भार कमी, तिथल्या घरांत व्होल्टेज ३००, ३५० असं वर चढतं. जिथे एसी-गिझर चालू आहेत तिथे दिवे मिणमिणतात. म्हणून त्या रात्री शेजाऱ्यांकडे काय झालं हे विचारून ठेवा. तुमच्याकडे प्रखर आणि शेजारच्या घरात मंद, अशी साक्ष मिळाली तर तो न्यूट्रलच्या दोषाचा चांगला पुरावा असतो. वीज कोसळून येणारा झटका सेकंदाच्या लाखाव्या भागांत मोजायचा असतो, त्यात पंखा गरगरत नाही. तुम्ही मिनिटभर ते पाहिलंत, तर पत्रात ‘वीज पडून’ असं लिहू नका.

तुमच्या चार्जरवर इनपुट १००–२४० व्होल्ट असं छापलेलं असेल. आत आल्यावर हे व्होल्टेज डीसी होतं आणि सुमारे १.४ पट दिसतं: २३० चे ३२५ होतात. ते साठवणारा जाडसर कपॅसिटर बहुधा ४०० किंवा ४५० व्होल्टचा असतो. बाहेर ३४० व्होल्ट आले की आत ४८० होतात आणि कपॅसिटरचं डोकं फुगतं किंवा फुटतं. त्याच्या आधी, तारा आत येतात तिथे, बऱ्याच चार्जरांत बटणासारखा चपटा निळा किंवा हिरवा घटक असतो, व्हॅरिस्टर. जादा व्होल्टेज स्वतःवर घेऊन फ्यूज उडवणं हे त्याचं काम. काही सेकंदांच्या झटक्यात तो तडकतो, काळा पडतो. तुम्हाला येणारा जळका वास बहुधा या दोघांपैकी एकाचा.

यात एक मेख आहे आणि नुकसान तपासायला कंपनीने नेमलेला जाणता सर्व्हेअर नेमकी तिच्यावरच बोट ठेवतो. चार्जरची भिंतीकडची आणि लॅपटॉपकडची बाजू ट्रान्सफॉर्मरने एकमेकींपासून तोडलेली असते. त्यामुळे बहुतेक वेळा चार्जर मरतो आणि लॅपटॉप वाचतो. बोर्डही गेला असेल, तर चार्जर मरताना त्याचं आउटपुट काही काळ वर उसळलं किंवा झटका दुसऱ्या वाटेने आला, असं काहीतरी घडलेलं असतं. बोर्डावर त्याची जागा ठरलेली असते: चार्जरची पिन जिथे लागते तिथून पुढचे पहिले दोन मॉसफेट, म्हणजे पुरवठा आत सोडणारे छोटे स्विच, आणि चार्जिंगची आयसी. नुकसान या पहिल्या दारापाशी दिसलं तर साखळी जुळते. चार्जर व्यवस्थित आहे, इनपुटचे मॉसफेट व्यवस्थित आहेत आणि प्रोसेसरच्या जवळ काहीतरी मेलंय, असं निघालं तर व्होल्टेजचा दावा कमजोर आहे, आणि ते आधीच कळलेलं बरं. अशा वेळी एकच गोष्ट तपासायची राहते: त्या रात्री ब्रॉडबँडची लॅन केबल किंवा बाहेरचा मॉनिटर जोडलेला होता का? झटका त्या वाटेनेही येतो, आणि मग त्याच पोर्टापाशी खूण सापडते.

तंत्रज्ञाकडून काय लिहून घ्यायचं

अधिकृत सर्व्हिस सेंटरची जॉबशीट आणि कोटेशन घ्याच, कारण रक्कम त्यावर ठरते. पण तिथे बहुधा ‘नो पॉवर, मदरबोर्ड बदलावा’ एवढंच लिहितात. कारण शोधणं त्यांचं काम नसतं, ते पूर्ण बोर्ड बदलतात. कारणाचा अहवाल चिप-लेव्हल, म्हणजे बोर्डावरच्या सुट्या घटकांचं, काम करणाऱ्याकडून घ्या. वाशी-ठाण्यात असे बरेच जण बसतात. त्याला पहिल्यांदाच स्पष्ट सांगा की फक्त तपासायचं आहे, काहीही काढायचं, गरम करायचं किंवा बदलायचं नाही. सर्व्हेअर बघण्याआधी बोर्ड दुरुस्त झाला तर दाखवायला काही उरत नाही, आणि पॉलिसीची अटही सहसा तशीच असते.

अहवाल त्याच्या लेटरहेडवर हवा, तारीख, सही-शिक्का आणि जीएसटी क्रमांक असेल तर त्यासह. मजकूर साधारण असा असावा. आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या तपासणीत जे येतील तेच लिहायचे.

> तपासणी अहवाल
> उपकरण: लॅपटॉप, मॉडेल ______, सिरियल क्रमांक ______ (तळाच्या स्टिकरवरून वाचला, छायाचित्र १). अ‍ॅडॅप्टर: ६५ वॅट, आउटपुट १९.५ व्होल्ट, सिरियल क्रमांक ______.
> तपासणीची तारीख: १४ जून. उपकरण ग्राहकाने बंद स्थितीत आणले. यापूर्वी उघडल्याच्या खुणा नाहीत.
>
> अ‍ॅडॅप्टर: आउटपुट ० व्होल्ट. उघडून पाहिला. इनपुटचा फ्यूज तुटलेला. व्हॅरिस्टर तडकलेला, भोवती काजळी (छायाचित्र २). ४०० व्होल्टचा मुख्य कपॅसिटर फुगलेला (छायाचित्र ३).
>
> मदरबोर्ड: डीसी इनपुट आणि ग्राउंड यांमध्ये ०.४ ओहम. इनपुटचे दोन्ही मॉसफेट तिन्ही टोकांत आरपार. जवळच्या भागावर तापल्याचा डाग (छायाचित्र ४). बॅटरी १०.९ व्होल्ट दाखवते, पण केवळ बॅटरीवर लॅपटॉप चालू होत नाही.
>
> रॅम आणि एसएसडी दुसऱ्या लॅपटॉपमध्ये लावून तपासले, चालू आहेत. डिस्प्ले तपासता आला नाही.
>
> पाणी सांडल्याच्या, गंजाच्या, पडल्याच्या किंवा आपटल्याच्या खुणा नाहीत. पंखा आणि हवेच्या जाळ्या साफ, धूळ साचून तापल्याची चिन्हे नाहीत.
>
> मत: अ‍ॅडॅप्टरच्या इनपुट बाजूचे नुकसान छापील मर्यादेपेक्षा जास्त व्होल्टेज आल्याशी सुसंगत आहे. मदरबोर्डचे नुकसान चार्जिंगच्या प्रवेशमार्गापासून सुरू झालेले दिसते. उपकरणाच्या झिजेची चिन्हे आढळली नाहीत.

शेवटच्या परिच्छेदातला ‘सुसंगत’ हा शब्द जाणूनबुजून आहे. तंत्रज्ञ त्या रात्री तुमच्या घरी नव्हता. ‘१० जूनला व्होल्टेज वाढल्यामुळेच खराब झाला’ असं त्याने लिहिलं तर सर्व्हेअरचा पहिला प्रश्न असेल, तुम्हाला कसं माहीत? तारीख आणि प्रसंग तुम्ही सांगायचा, खुणा त्याने सांगायच्या.

नाहीच्या ओळीही तितक्याच कामाच्या आहेत. पाणी, पडणं, धूळ, झीज ही नकाराची नेहमीची कारणं आहेत, आणि ती तपासली गेली हे कागदावर दिसलं की निम्मे प्रश्न येतच नाहीत. रॅम आणि एसएसडी चांगले आहेत हेही लपवू नका. चालू भागांवर तुम्ही पैसे मागत नाही हे सर्व्हेअरला दिसलं की बाकीच्या आकड्यांवरचा विश्वास वाढतो.

तुमचा चार्जर गोल पिनचा नसून टाइप-सी असेल तर एक सावधगिरी. टाइप-सी चार्जर समोर उपकरण ओळखल्याशिवाय व्होल्टेज सोडतच नाही, त्यामुळे त्यावर साधा मीटर लावून आलेले ० व्होल्ट म्हणजे बिघाड नव्हे. तो टाइप-सी टेस्टरवर किंवा चालू लॅपटॉपला लावून तपासला असं अहवालात यायला हवं.

घराबाहेरचा पुरावा

व्होल्टेज वाढलं होतं हे एकट्या लॅपटॉपवरून सिद्ध करायला जाऊ नका. वीज कंपनीकडे त्या रात्री तक्रार नोंदवली असेल तर तो क्रमांक शोधा. नसेल तर आजच १९१२ वर किंवा कंपनीच्या अ‍ॅपवर नोंदवा आणि घटनेची तारीख-वेळ तक्रारीतच लिहा. उशिरा नोंदवलेली तक्रारही काहीच नसण्यापेक्षा बरी. लाइनमनने येऊन न्यूट्रल जोडला असेल तर त्या कामाची नोंद उपविभागीय कार्यालयात असते, तिची प्रत लेखी अर्ज करून मागा. वीजबिलावरचा ग्राहक क्रमांक अर्जात घाला. स्मार्ट मीटर बसलेला असेल तर जादा व्होल्टेजची घटना त्याच्या स्मृतीत राहू शकते, तीही त्याच अर्जात मागा.

सोसायटीच्या सेक्रेटरीकडून चार ओळींचं पत्र घ्या: अमुक तारखेला अमुक वेळी इमारतीत व्होल्टेज वाढलं, अमुक घरांत अमुक उपकरणं गेली. कोणाच्या फ्रिजचा बोर्ड, कोणाच्या वॉटर प्युरिफायरचा अ‍ॅडॅप्टर गेला असेल तर फ्लॅट क्रमांकासह लिहू द्या. सोसायटीच्या ग्रुपवर त्या रात्री ‘तुमच्याकडे पण लाइट वर-खाली होतेय का’ असे मेसेज पडलेले असतातच. वेळ दिसेल असे त्यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. रात्री साडेनऊचा असा एक मेसेज कधी कधी आठवड्यानंतरच्या प्रमाणपत्रापेक्षा जास्त पटतो.

वीज कंपनीकडे भरपाई मागायची असेल तर तो वेगळा अर्ज. विम्याच्या पत्रात त्यांना दोष देऊ नका, आणि ‘माझी काही मागणी नाही’ असा कागद कोणालाही सही करून देऊ नका. दाव्याचे पैसे दिल्यावर विमा कंपनीला दोषी असलेल्याकडून वसुली करण्याचा हक्क मिळतो, तो तुम्ही परस्पर सोडून दिलात तर दाव्यात खोट निघते.

पत्र

पत्राच्या आधी एक ईमेल आजच्या आज पाठवा, तीन ओळींचा: पॉलिसी क्रमांक, १० जूनला लॅपटॉपचं नुकसान झालं, दावा नोंदवून क्रमांक कळवा. फोनवरच्या बोलण्याला दावा क्रमांक मिळाला नसेल तर नोंद झालीच नाही असं धरा. सूचना ताबडतोब द्यायची अट सगळीकडे असते, आणि काही पॉलिसींत १४ दिवसांची मुदत लिहिलेली असते. अहवालाची वाट बघत ती घालवू नका. मग सविस्तर पत्र, अंदाजे असं:

> प्रति,
> दावा विभाग, ______
>
> विषय: पॉलिसी क्र. ______, विभाग क्र. ______ (इलेक्ट्रॉनिक उपकरणे), परिशिष्टातील अनुक्रमांक ______ वरील लॅपटॉपच्या नुकसानाचा दावा. दावा क्र. ______
>
> महोदय/महोदया,
>
> वरील लॅपटॉप (मॉडेल ______, सिरियल क्रमांक ______) १० जून रोजी रात्री सुमारे ९.३० वाजता माझ्या ऐरोली येथील राहत्या घरी, विमा असलेल्या पत्त्यावर, चार्जिंगला लावलेला होता. त्या वेळी घरातील दिवे नेहमीपेक्षा खूप प्रखर झाले व पंख्याचा वेग वाढला. ही स्थिती अंदाजे एक मिनिट राहिली. त्यानंतर वीजपुरवठा बंद झाला. पुरवठा परत आल्यावर लॅपटॉप चालू झाला नाही व अ‍ॅडॅप्टरला जळका वास येत होता. मी दोन्ही तत्काळ प्लगमधून काढले व पुन्हा वापरले नाहीत. त्या संध्याकाळपर्यंत लॅपटॉप व्यवस्थित चालत होता.
>
> तंत्रज्ञाच्या १४ जूनच्या अहवालानुसार अ‍ॅडॅप्टरचा फ्यूज, व्हॅरिस्टर व मुख्य कपॅसिटर आणि मदरबोर्डचे इनपुट मॉसफेट खराब झाले आहेत. हे नुकसान जादा व्होल्टेजशी सुसंगत असून पाणी, आघात किंवा झीज यांच्या खुणा नाहीत. पूर्वीच्या चिठ्ठीतील ‘शॉर्ट’ हा शब्द बोर्डाची सध्याची विद्युत स्थिती दर्शवतो, नुकसानाचे कारण नव्हे. तसा खुलासा त्याच दुकानाने सोबत दिला आहे.
>
> दुरुस्तीचा अंदाज करासह ३८,३५० रुपये आहे. रॅम व एसएसडी चालू असल्याने त्यांची मागणी नाही.
>
> दूरध्वनीवर हा दावा ‘शॉर्ट सर्किट’ म्हणून बसत नसल्याचे सांगण्यात आले. दावा वरील विभागाखाली आहे. नाकारायचा असल्यास त्या विभागातील कोणत्या कलमाखाली, हे कृपया लेखी कळवावे.
>
> लॅपटॉप, अ‍ॅडॅप्टर व सर्व खराब भाग आहेत त्या स्थितीत जपून ठेवले आहेत. सर्व्हेअरने केव्हाही पाहावेत. त्यांच्या पाहणीपूर्वी दुरुस्ती करणार नाही.
>
> सोबत: पॉलिसी परिशिष्ट, खरेदीचे बिल, तपासणी अहवाल व चार छायाचित्रे, पहिल्या चिठ्ठीचा खुलासा, सर्व्हिस सेंटरची जॉबशीट व कोटेशन, वीज तक्रारीचा क्रमांक, सोसायटीचे पत्र, वीजबिल, रद्द केलेला धनादेश.
>
> आपली,
> ______

पत्रातल्या वेळा तुमच्या आठवणीप्रमाणे भरा, आणि खात्री नसेल तिथे ‘सुमारे’ राहू द्या. वीज तक्रारीतली वेळ, सोसायटीच्या पत्रातली वेळ आणि तुमची वेळ यांत दहा मिनिटांचा फरक कोणी धरत नाही. दोन तासांचा फरक मात्र धरतात. कंपनीचं दाव्याचं कार्यालय राज्याबाहेर असेल तर हेच पत्र इंग्रजीतही सोबत द्या, काम लवकर पुढे सरकतं.

तुम्ही या लॅपटॉपवर व्यवसायाचं काम करता ही गोष्ट विचारली तर सरळ सांगा. काही गृहविम्यांत व्यवसायाची उपकरणं वगळलेली असतात. तुमच्या विभागात तसं कलम आहे का ते आधी वाचून घ्या. लपवलेलं उघडं पडलं तर कलम नसतानाही दावा अडतो.

हातात किती पडेल

कोटेशन असं आहे असं धरू: मदरबोर्ड २८,०००, अ‍ॅडॅप्टर ३,०००, मजुरी १,५००, मिळून ३२,५००. त्यावर १८ टक्के जीएसटी ५,८५०. एकूण ३८,३५०. तुम्ही स्वतः जीएसटीत नोंदणीकृत असून या बिलावर इनपुट क्रेडिट घेणार असाल, तर ते ५,८५० कंपनी देणार नाही.

मग विमा रकमेचा प्रश्न येतो. अशा विभागात रक्कम सहसा तशाच नव्या उपकरणाच्या आजच्या किमतीएवढी ठेवायची असते. तुमची ६०,००० आहे. त्या तोडीचा नवा लॅपटॉप आज ७५,००० ला येत असेल तर तुम्ही पाचात चार भागांचाच विमा उतरवलाय. पॉलिसीत अपुऱ्या विम्याची अट असेल तर दुरुस्तीच्याही पाचात चार भागच मिळतात: ३८,३५० चे ३०,६८०. त्यातून स्वतः सोसायची रक्कम वजा होते, जिला पॉलिसीत एक्सेस म्हणतात. ती दाव्याच्या ५ टक्के असेल तर १,५३४ जाऊन २९,१४६ उरतात. अ‍ॅडॅप्टर किंवा बॅटरीसारख्या भागांवर घसाऱ्याची अट असली तर आणखी थोडे कमी. पत्रात मात्र पूर्ण ३८,३५० च लिहा. कापणं सर्व्हेअरचं काम आहे, आणि त्याने कुठे किती कापलं हे तुम्हाला आता ताडून बघता येईल. नूतनीकरणाच्या वेळी विमा रक्कम वाढवून घ्या.

पुढे

विमा नियामक इर्डाईच्या जून २०२४ च्या मास्टर परिपत्रकाप्रमाणे सूचना मिळाल्यावर २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा असतो, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि तो मिळाल्यावर ७ दिवसांत कंपनीने निर्णय घ्यायचा. लहान रकमेला बऱ्याचदा व्हिडिओ कॉलवरच पाहणी होते. तसं असेल तर कॉलच्या आधी चार्जर उघडा ठेवून, व्हॅरिस्टर आणि कपॅसिटर उजेडात दिसतील अशी मांडणी करा आणि सिरियल नंबरचं स्टिकर आधी दाखवा.

लेखी नकार आला तर पहिली तक्रार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, किंवा bimabharosa.irdai.gov.in वरून. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. तिथे फी नाही, वकील लागत नाही, पण नकारापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं. ठाण्यातही आता लोकपालाचं कार्यालय आहे आणि नवी मुंबई त्याच्याकडे येते.

मंजुरी आली की जुना बोर्ड आणि चार्जर कंपनी भंगार म्हणून मागू शकते, तर सर्व्हिस सेंटरला बदललेले भाग परत द्यायला आधीच सांगून ठेवा; बरीच सेंटरं जुना बोर्ड स्वतःकडे ठेवतात, आणि तो परत हवा असेल तर कोटेशनची रक्कम बदलते. पूर्ण लॅपटॉपच भंगारात गेला तर एसएसडी काढून घ्या. त्यात तुमच्या अशिलांचे हिशेब आहेत, आणि तिच्यावर तुम्ही दावा केलेलाच नाही.